दहा पेढे, चार मुले आणि तीन काड्या

ठाण्याला नौपाड्यातील एका घरात दर रविवारी सकाळी मी आठवी-नववीच्या मुलांना ऑलिंपियाडच्या गणिताची ओळख करून देतो. एका रविवारी कोणाच्या तरी घरून पेढ्यांचा पुडा आला आणि वाटप झाल्यावर त्यात दहा पेढे उरले. समोरच्या चार मुलांकडे पाहून मी विचारले, की हे दहा पेढे तुम्हा चौघांत किती प्रकारे वाटता येतील? पेढे हुबेहूब सारखे आहेत, मुले मात्र वेगवेगळी आहेत, आणि एखाद्याला एकही पेढा मिळाला नाही तरी चालेल, एवढेच नियम होते. सोयीसाठी मुलांना अ, ब, क आणि ड म्हणू.

पहिले उत्तर लगेच आले: प्रत्येक पेढ्यासाठी चार पर्याय आहेत, म्हणून चाराचा दहावा घात. या उत्तरातील चूक पाहण्यासाठी दोनच पेढे आणि दोनच मुले घेणे पुरते. दोनाचा वर्ग चार होतो, पण खरी वाटपे तीनच आहेत: दोन्ही पेढे अ ला, दोन्ही ब ला, किंवा दोघांना एकेक. ‘हा पेढा अ ला आणि तो ब ला’ हे एक वाटप आणि ‘तो अ ला आणि हा ब ला’ हे दुसरे, असे आपण नकळत दोनदा मोजलेले असते. पेढे सारखे असतील तर ‘हा’ आणि ‘तो’ यांना अर्थच राहत नाही. कोणाला कोणता पेढा मिळाला हे सोडून कोणाला किती मिळाले एवढेच पाहायचे आहे.

आता पेढे एका ओळीत मांडू आणि त्यांच्यामध्ये तीन काड्या ठेवू. पहिल्या काडीच्या डावीकडचे पेढे अ चे, पहिल्या आणि दुसऱ्या काडीमधले ब चे, दुसऱ्या आणि तिसऱ्या काडीमधले क चे, आणि तिसरीच्या उजवीकडचे ड चे. उदाहरणार्थ,

●●●|●|●●●●●|●

या मांडणीत अ ला ३, ब ला १, क ला ५ आणि ड ला १ पेढा मिळतो. तर

●●●●||●●●●●●|

या मांडणीत अ ला ४ आणि क ला ६ पेढे मिळतात. पहिल्या दोन काड्या एकमेकींना चिकटल्या असल्यामुळे ब रिकाम्या हाताने राहतो, आणि शेवटची काडी ओळीच्या टोकाला असल्यामुळे ड सुद्धा. मुले चार असताना काड्या तीनच का, असा प्रश्न वर्गात हमखास येतो. चार खोल्या पाडायला मध्ये तीनच भिंती लागतात, बाहेरच्या दोन भिंती ओळीच्या टोकांनी आधीच दिलेल्या असतात, एवढेच त्याचे कारण आहे.

या पद्धतीचा सगळा जीव एकाच गोष्टीत आहे, आणि नवखे विद्यार्थी नेमकी तीच घाईत ओलांडून जातात. प्रत्येक वाटपासाठी एक आणि एकच चित्र काढता येते, आणि प्रत्येक चित्र वाचले की एक आणि एकच वाटप मिळते. म्हणून वाटपे मोजण्याऐवजी चित्रे मोजली तरी उत्तर तेच येणार. चित्रात एकूण तेरा जागा आहेत, दहा पेढ्यांच्या आणि तीन काड्यांच्या. त्या तेरांपैकी काड्यांच्या तीन जागा कोणत्या हे ठरवले की उरलेल्या दहा जागांवर पेढे आपोआप बसतात. तेरातून तीन जागा निवडण्याचे प्रकार (१३ × १२ × ११) ÷ (३ × २ × १), म्हणजे २८६. पेढे आणि मुले कितीही असली तरी रीत हीच राहते: मुलांपेक्षा एक कमी इतक्या काड्या घ्यायच्या, त्या पेढ्यांच्या संख्येत मिळवून एकूण जागा काढायच्या, आणि त्यांतून काड्यांच्या जागा निवडायच्या. इंग्रजी पुस्तकांत पेढ्यांच्या जागी तारे काढतात, म्हणून या रीतीला ‘स्टार्स अँड बार्स’ हे नाव पडले आहे.

उत्तर दुसऱ्या वाटेने पडताळून पाहण्याची सवय मी मुलांना मुद्दाम लावतो. ड ला आधी त्याचा वाटा द्या आणि उरलेले पेढे तिघांत वाटा. ड ला शून्य पेढे दिले तर दहा पेढे तिघांत ६६ प्रकारे वाटले जातात, एक दिला तर नऊ पेढे ५५ प्रकारे, पुढे ४५, ३६, २८, २१, १५, १०, ६, ३ आणि शेवटी १. या अकरा संख्यांची बेरीज २८६ येते.

काड्या ठेवताना होणारी एक चूक तपशिलात पाहण्यासारखी आहे. एका मुलीने असे मांडले, की दहा पेढ्यांच्या ओळीत दोन्ही टोके धरून अकरा फटी आहेत, प्रत्येक काडीला अकरा पर्याय आहेत, आणि काड्या सारख्या असल्यामुळे ३ × २ × १ ने भागायचे. ११ × ११ × ११ म्हणजे १३३१, आणि त्याला ६ ने भागले तर पूर्णांकच येत नाही. वाटपांची संख्या अपूर्णांकात असू शकत नाही, तेव्हा चूक झाली हे इथेच कळते. चूक अशी, की तिन्ही काड्या निरनिराळ्या फटींत असतील तेव्हाच त्यांच्या अदलाबदलीचे सहा प्रकार होतात. दोन काड्या एकाच फटीत गेल्या तर असे चित्र फक्त तीनदा मोजले जाते, आणि तिन्ही एकत्र असतील तर एकदाच. सगळ्यांना सरसकट सहाने भागणे म्हणूनच चुकते. तिची कल्पना सुधारता मात्र येते. पहिल्या काडीला अकरा फटी आहेत. ती ठेवल्यावर तिच्या अलीकडची आणि पलीकडची जागा वेगळी धरली तर दुसऱ्या काडीला बारा जागा मिळतात आणि तिसरीला तेरा. आता प्रत्येक चित्र बरोबर सहा वेळा येते, आणि (११ × १२ × १३) ÷ ६ म्हणजे पुन्हा २८६.

दुसऱ्या एकाने अकरा फटींतून तीन निवडून १६५ हे उत्तर काढले होते. हा पूर्णांक आहे, त्यामुळे कोणतीही धोक्याची घंटा वाजत नाही. त्याने नकळत प्रत्येक फटीत एकच काडी ठेवली, म्हणजे ब आणि क यांना किमान एकेक पेढा द्यायचाच असे ठरवून टाकले. टोकाच्या फटी त्याने धरल्या होत्या, म्हणून अ आणि ड मात्र उपाशी राहू शकतात. १६५ हे उत्तर बरोबरच आहे, फक्त ते दुसऱ्याच प्रश्नाचे आहे.

प्रत्येकाला किमान एक पेढा मिळालाच पाहिजे, अशी अट घातली तर टोकाच्या फटीही सोडाव्या लागतात. मग मधल्या नऊ फटींतून तीन निवडायच्या, म्हणजे ८४ प्रकार. हेच दुसऱ्या रीतीने करायचे तर आधी चौघांच्या हातावर एकेक पेढा ठेवावा आणि उरलेले सहा पेढे कोणतीही अट न घालता वाटावेत. सहा पेढे आणि तीन काड्या मिळून नऊ जागा होतात, त्यांतून तीन निवडल्या की पुन्हा ८४. ‘आधी एकेक देऊन टाका’ ही युक्ती इतकी सोपी वाटते, की मुले ती वेगवेगळ्या वस्तूंनाही लावतात, आणि तिथे ती फसते. एक पेढा, एक बर्फी आणि एक लाडू दोघांत वाटायचे आहेत आणि प्रत्येकाला काहीतरी मिळालेच पाहिजे, असे समजा. खरी वाटपे सहा आहेत. आधी एकेक देऊन उरलेला पदार्थ कोणालाही दिला, तर ६ × २ म्हणजे बारा येतात. कारण अ ला आधी पेढा आणि मग बर्फी दिली काय किंवा आधी बर्फी आणि मग पेढा दिला काय, शेवटी त्याच्या हातात तेच दोन पदार्थ असतात.

‘किमान’ची अट अशी सहज सुटते. ‘कमाल’ची अट खरी जड जाते. कोणालाही चारपेक्षा जास्त पेढे द्यायचे नाहीत, असे ठरवले तर काड्यांच्या चित्रात ही अट थेट बसवता येत नाही. त्यामुळे उलट बाजूने जावे लागते: सगळी २८६ वाटपे घ्यायची आणि नियम मोडणारी वजा करायची. अ ने नियम मोडला, तर त्याला आधीच पाच पेढे देऊन टाकू. उरलेले पाच पेढे चौघांत वाटायचे, म्हणजे आठ जागांतून तीन, असे ५६ प्रकार. नियम मोडणारा चौघांपैकी कोणीही असू शकतो, म्हणून २२४ वजा केले. पण दोघांनी पाच-पाच पेढे घेतले असतील तर ते वाटप दोनदा वजा झाले. अशा जोड्या सहा आहेत आणि प्रत्येक जोडीसाठी एकच वाटप आहे, म्हणून सहा परत मिळवायचे. २८६ − २२४ + ६ म्हणजे ६८. तिघांनी एकदम नियम मोडायला पंधरा पेढे लागतील, तेव्हा गणना इथेच थांबते.

याची पडताळणी मला फार आवडते. प्रत्येकाची मर्यादा चार पेढ्यांची आहे, तेव्हा चौघांच्या मिळून सोळा जागा होतात आणि दहा पेढे वाटल्यावर सहा जागा रिकाम्या राहतात. पेढ्यांऐवजी या सहा रिकाम्या जागाच चौघांत वाटू. अट न घालता ८४ प्रकार होतात. एखाद्याच्या वाट्याला पाच किंवा अधिक रिकाम्या जागा आल्या, तर पाच त्याला दिल्यावर उरलेली एक जागा चौघांपैकी कोणालाही जाईल, म्हणून ४ × ४ म्हणजे १६ वजा करायचे. ८४ − १६ सुद्धा ६८ च येतात.

किमान आणि कमाल या दोन्ही अटी एकत्र असलेला एक प्रश्न भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, इसवी सन ११५० च्या सुमारास, अंकपाशाच्या, म्हणजे अंकांच्या मांडण्या मोजण्याच्या, प्रकरणात आला आहे. पाच स्थानांवरच्या अंकांची बेरीज तेरा असेल, तर अशा संख्या किती? शून्य हा अंक इथे चालत नाही. अंकांच्या पाच जागा म्हणजे पाच मुले, बेरीज म्हणजे तेरा पेढे, आणि प्रत्येकाला किमान एक द्यायचा आहे. तेरा पेढ्यांच्या मधल्या बारा फटींतून चार निवडल्या, की (१२ × ११ × १० × ९) ÷ (४ × ३ × २ × १) म्हणजे ४९५, आणि ‘लीलावती’तील उत्तरही तेच आहे. अंक नऊपेक्षा मोठा असू शकत नाही, ही कमाल अट मात्र आपण विचारातच घेतली नाही. भास्कराचार्यांच्या नियमात तिची काळजी घेतलेली आहे: स्थानांच्या संख्येत नऊ मिळवून जे येते, त्यापेक्षा बेरीज लहान असली तरच हा नियम लावायचा. इथे पाच अधिक नऊ म्हणजे चौदा, आणि तेरा त्याहून लहान आहे. बाकीच्या चार जागांना एकेक दिल्यावर कोणाच्याही वाट्याला जास्तीत जास्त नऊच येऊ शकतात.

बेरीज तेराऐवजी चौदा केली, की तेरा फटींतून चार निवडण्याचे ७१५ प्रकार येतात. पण त्यांत एका जागेवर दहा आणि उरलेल्या चार जागांवर एकेक, अशी पाच वाटपे शिरलेली असतात. दहा हा एक अंक नसल्यामुळे ती वगळावी लागतात, आणि खऱ्या संख्या ७१० उरतात.