ब्लीच, ॲसिड आणि चवथीची साफसफाई : दोन बाटल्या एकाच बाथरूममध्ये आल्या कशा

चवथीच्या आधी घर धुवायला काढलं की गोव्यातल्या बऱ्याच घरांत बाथरूमच्या कोपऱ्यात दोन बाटल्या शेजारी शेजारी दिसतात. एक निळ्या टॉयलेट क्लीनरची, नाहीतर हार्डवेअरवाल्याकडून आणलेल्या लूज ॲसिडची, आणि दुसरी ब्लीचची. एकत्र ओतू नका हे आता शाळेतल्या पोरालाही माहीत असतं, तरी दर पावसाळ्यात कोणीतरी खोकत बाहेर येतंच. त्याचं कारण कळायला ह्या बाटल्या घरात कुठून आल्या ते बघावं लागतं.

जुनी गोष्ट थोडक्यात. १७७४ मध्ये स्वीडनमधल्या एका रसायनतज्ज्ञाने मीठाच्या ॲसिडमध्ये मँगनीजचा दगड टाकला आणि पिवळट हिरवा, घसा धरणारा वायू निघाला, तो क्लोरीन. (मँगनीज म्हणजे तेच, जे आपल्याकडे सांगे-केपेच्या पट्ट्यात खणून काढायचे.) पुढे १७८० च्या दशकात फ्रान्समध्ये कापड पांढरं करायला हा वायू वापरला, पण वायू हाताळणार कोण, म्हणून तो अल्कलीच्या पाण्यात मुरवून बाटलीत भरायला लागले. १९१५ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर तोच वायू सिलिंडरमधून सैनिकांवर सोडला गेला. शाळेत एवढं सगळ्यांनीच वाचलेलं असतं.

इथे एकच गोष्ट डोक्यात ठेवायची. आजचं ब्लीच, म्हणजे सोडियम हायपोक्लोराईट, अजूनही तसंच बनतं, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात क्लोरीन वायू सोडून. त्यात थोडा कॉस्टिक मुद्दाम शिल्लक ठेवतात, कारण पाणी अल्कलीवालं असेपर्यंत क्लोरीन आत बांधलेला राहतो. ॲसिड ओतलं की आधी तो कॉस्टिक संपतो आणि मग जो वायू कारखान्यात आत घातला होता तोच उलटा बाहेर निघतो. म्हणजे नवीन काही विष तयार होत नाही, जुनंच सुटतं.

आता गोव्यात ॲसिड आलं कुठून? आपली माती तांबडी, घरं चिऱ्याची, आणि बऱ्याच विहिरी-बोअरवेलच्या पाण्यात लोखंड. कमोड आणि टाईल्स आल्या तशी ही लोखंडाची लालसर पिवळी रेघ दिसायला लागली, साबणाने ती जात नाही, ॲसिडने जाते. म्हणून आधी लूज ॲसिड आणि मग साधारण १० टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिडवालं जाडसर टॉयलेट क्लीनर घराघरात शिरलं. हॉटेलांच्या हाऊसकीपिंगमध्येही हेच.

ब्लीच दुसऱ्या वाटेने आलं. पावसाळ्यात विहिरीत ब्लीचिंग पावडर टाकणं आपल्याकडे जुनंच, अंगणातल्या शेवाळावरही तीच मारतात, पण ती पावडर बाहेर राहायची आणि ॲसिड आत. द्रव ब्लीच आतल्या बाथरूमपर्यंत पोचलं ते खरं म्हणजे २०२० मध्ये. आणि इथेच ज्या निर्णयाबद्दल अजून वाद होतो तो येतो.

कोविडच्या सुरुवातीला देशपातळीवर सूचना आली की सार्वजनिक जागा, फरशा, बाथरूम १ टक्का हायपोक्लोराईटने पुसा. त्याच वर्षी जागतिक पातळीवरची आरोग्य संस्था साध्या पृष्ठभागांना ०.१ टक्का पुरे म्हणत होती. दोन्हीत दहापट फरक! १ टक्क्याच्या बाजूने बोलणारे म्हणतात की हॉस्पिटलमध्ये रक्त वगैरे सांडलं तर तेवढं लागतं, शिवाय गोदामात पडलेलं ब्लीच उन्हाने मरतं त्यामुळे थोडं जास्त धरलेलं बरं, आणि लोकांना एकच आकडा लक्षात राहतो. ह्यात तथ्य आहे, आपल्याकडच्या गरमीत बाटली काही महिन्यांत बरीच कमजोर होते हे खरंच. पण हॉस्पिटलचा आकडा घरात आला तेव्हा त्याच्यासोबत हॉस्पिटलची शिस्त आली नाही, म्हणजे आधी साबणाने धुवा, सुकू द्या, दारं उघडी ठेवा, दुसरं काही त्यावर मारू नका, ह्यातलं काहीच नाही. लोकांनी फक्त ‘जास्त मारा’ एवढंच ऐकलं. मार्च २०२० च्या शेवटी बरेलीत तर गावी परतलेल्या मजुरांच्या अंगावर फवारणी झाली आणि एप्रिलमध्ये माणसांवर फवारू नका असं वेगळं सांगावं लागलं. माझ्या मते घरांसाठी १ टक्का सांगणं चूकच होतं, आणि का ते हिशोबाने दिसतं.

बाजारातलं ४ टक्क्यांचं ब्लीच धरा. १ टक्का एक लिटर करायला त्यातलं २५० मिली लागतं, ०.१ टक्का करायला फक्त २५. आता पाच बाय सात फुटाचं, आठ फूट उंच बाथरूम, म्हणजे साधारण ८,००० लिटर हवा. फरशीवर १ टक्क्याचं लिटरभर पाणी पसरलंय आणि कोणीतरी त्यावर १०० मिली टॉयलेट क्लीनर ओतलं. एवढं ॲसिड जवळजवळ सगळं हायपोक्लोराईट फोडायला पुरतं, आणि सगळा क्लोरीन हवेत आला तर तो सव्वातीन लिटरच्या आसपास भरतो, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग. प्रत्यक्षात काही वायू पाण्यातच राहतो आणि निघायलाही वेळ लागतो, म्हणून निम्मा धरला तरी २००. एकाच्या आतबाहेर नाकाला वास कळतो, ३० च्या वर छाती दुखते आणि खोकला थांबत नाही, ४०० च्या पुढे अर्धा तास काढला तर जीव जाऊ शकतो. तेच ०.१ टक्क्याने केलं असतं तर सगळा आकडा दहापट कमी. तरी त्रास होतोच, पण दार उघडून बाहेर पळायला वेळ मिळतो. वर हा वायू हवेपेक्षा अडीचपट जड, खाली साठतो, आणि आपण फरशी घासतो ती उकिडवं बसून. पाऊस आत येऊ नये म्हणून खिडकीही बंदच असते.

मुद्दाम दोन बाटल्या एकत्र ओतणारा माणूस तसा कमीच. नोव्हेंबर २०१९ मध्ये अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या एका रेस्टॉरंटच्या किचनमध्ये झालं ते बघा. फरशीवर ॲसिडवालं क्लीनर सांडलं होतं, नंतर दुसऱ्या कामगाराने त्याच फरशीवर नेहमीचं ब्लीचवालं लिक्विड मारलं, पाणी हिरवट झालं, फेस आला, त्याला त्रास झाला म्हणून तो बाहेर गेला. मॅनेजर ते पाणी वायपरने बाहेर ढकलायला आत शिरला आणि तोच वारला, शिवाय दहाहून जास्त लोकांना उपचार घ्यावे लागले. दोघांपैकी कोणीच काही ‘मिक्स’ केलं नव्हतं. आपल्याकडे हेच होतं सकाळी काम करणाऱ्या बाईने कमोडमध्ये ॲसिड टाकून ठेवलेलं असतं आणि दुपारी घरचं कोणीतरी वरून ब्लीच मारतं तेव्हा.

त्यात लोखंडाचा डाग मुद्दा आणखी बिघडवतो. लोखंडाच्या डागावर ब्लीच मारलं तर डाग जात नाही, उलट जास्त लाल होऊन पक्का बसतो. मग माणूस वैतागतो आणि तिथेच ॲसिड ओततो, ब्लीच धुवून न काढता. हा क्रम आपल्या पाण्यामुळे घडतो, परदेशी सूचनांमध्ये तो सापडत नाही.

परदेशी सूचनांत जोर अमोनियावर असतो, कारण तिकडे अमोनियाचं पाणी घरात साफसफाईला वापरायची सवय आहे. आपल्याकडे काही काच पुसायच्या लिक्विडमध्ये आणि केसांच्या डायमध्ये अमोनिया असतो, पण मुख्य म्हणजे जुनं मूत. कुत्र्याची जागा, मांजराची वाळू, बाळाच्या दुपट्यांची बादली, नीट न धुतलेली मुतारी. मुताचा अमोनिया होतो आणि ब्लीचशी त्याचे क्लोरामाईन नावाचे वायू तयार होतात, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो. स्विमिंग पूलचा जो ‘क्लोरीनचा वास’ म्हणतात तो बराचसा ह्याचाच. थोड्या मुताने कोणी मरत नाही, पण बंद खोलीत दम्याच्या माणसाला एवढंही पुष्कळ, म्हणून आधी नुसत्या पाण्याने धुवायचं आणि मग पातळ ब्लीच.

बाकीच्या जोड्या पटकन. विनेगार, लिंबू, सायट्रिक ॲसिड, गंज काढायचं लिक्विड ही सगळी ॲसिडंच, घरचं माडाचं विनेगार नैसर्गिक असलं म्हणून ब्लीचला काही फरक पडत नाही. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एका बाईने भाजी धुवायला सिंकमध्ये ब्लीच, विनेगार आणि गरम पाणी एकत्र केलं आणि तिला ऑक्सिजन लावायला लागला. स्पिरिट किंवा सॅनिटायझरही ब्लीचमध्ये नको, त्यातून क्लोरोफॉर्मसारखी द्रव्यं होतात. ड्रेन साफ करायची कॉस्टिकवाली पावडर ब्लीचसोबत क्लोरीन सोडत नाही, पण ॲसिडसोबत इतकी तापते की उकळून तोंडावर उडते.

वास आलाच तर बाहेर पडायचं, मुलांना आणि कुत्र्याला घेऊन, दार उघडं ठेवून. बादली उचलायला, फ्लश करायला, सोडा टाकून ‘न्यूट्रल’ करायला परत आत जायचं नाही, मॅनेजरचं तेच झालं. डोळ्यांत गेलं असेल तर पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली. खोकला थांबत नसेल, छाती घट्ट वाटत असेल, दमा असेल तर १०८, आणि बरं वाटलं तरी त्या दिवशी एकट्याने झोपायचं नाही, कारण फुफ्फुसात पाणी कधी कधी काही तासांनी भरतं.

सध्या नवा गोंधळ लेबलचा आहे. टॉयलेट क्लीनर म्हटलं की ॲसिड असं आपण धरून चालतो, पण आता सुपरमार्केटच्या त्याच फळीवर ब्लीचवालं टॉयलेट क्लीनरही मिळतं, बाटलीची मानही तशीच वाकडी. संपत आलेल्या एकावर दुसरं ओतलं तर दोन्ही बाटल्यांवर ‘टॉयलेट क्लीनर’च लिहिलेलं असतं. म्हणून पुढचं नाव सोडून मागची बारीक अक्षरं वाचायची, हायड्रोक्लोरिक लिहिलंय की हायपोक्लोराईट. लाल डागासाठी फक्त ॲसिडवालं, शेवाळ-बुरशीसाठी फक्त ब्लीच, आणि दोन्ही कामं असतील तर ती वेगवेगळ्या दिवशी, मधे भरपूर पाणी ओतून.