पोर्टलवरचा वारस आणि कायद्यातला वारस: मृताचा रिफंड मिळवणारा एक, मालक दुसरा?

घरातली करदाती व्यक्ती गेली आणि तिचा आयकराचा रिफंड अडकला, की दोन परस्परविरोधी सल्ले कानावर येतात. एक म्हणतो, आधी कोर्टातून वारसा प्रमाणपत्र आणा, त्याशिवाय काही होणार नाही. दुसरा म्हणतो, पोर्टलवर वारस म्हणून नोंद करा, पैसे तुमचे. दोघेही 'वारस' हाच शब्द वापरतात, पण वेगवेगळ्या अर्थाने, आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो.

आयकराच्या पोर्टलवरचा वारस ही एक भूमिका आहे. गेलेली व्यक्ती आता सही करू शकत नाही, ओटीपी देऊ शकत नाही, म्हणून तिच्या जागी विभागाशी बोलणारं कोणीतरी हवं. कायद्यातला वारस म्हणजे त्या पैशात ज्याचा हिस्सा आहे तो. बहुतेक घरांत दोन्ही भूमिका एकाच माणसाकडे असतात, म्हणून फरक दिसत नाही. तो दिसतो कागद गोळा करताना, आणि नंतर पैसे खात्यात आल्यावर.

कागदांचंच बघा. पोर्टलवर नोंदणीसाठी मृताचं पॅन कार्ड, मृत्यू दाखला आणि वारस असल्याचा पुरावा लागतो. पुरावा म्हणून यांपैकी कोणताही एक कागद चालतो: कोर्टाने किंवा स्थानिक महसूल अधिकाऱ्याने दिलेलं वारस प्रमाणपत्र, महसूल अधिकाऱ्याचा हयात कुटुंबीयांचा दाखला, नोंदणीकृत मृत्युपत्र, केंद्र किंवा राज्य सरकारचं कुटुंब निवृत्तिवेतनाचं प्रमाणपत्र, नाहीतर बँकेने लेटरहेडवर सही-शिक्क्यानिशी दिलेलं पत्र, ज्यात मृत्यूच्या वेळी खात्याला नॉमिनी किंवा संयुक्त खातेदार कोण होतं ते लिहिलेलं असेल. नुकसानभरपाईचं हमीपत्र जोडलं तर चालतं, सक्तीचं नाही. म्हणजे चाळीस-पन्नास हजारांच्या रिफंडसाठी दिवाणी न्यायालयात अर्ज, वर्तमानपत्रात जाहीर नोटीस आणि हरकतींची वाट बघणं, हा खटाटोप बहुतेकांना करावाच लागत नाही.

आता तीच यादी कायद्याच्या चष्म्यातून वाचा. बँकेचं नॉमिनीचं पत्र पोर्टलला चालतं, पण नॉमिनी मालक होत नाही. बँक ठेवींच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये हे स्पष्ट केलं आहे. नॉमिनी पैसे स्वीकारतो, वाटणी वारसा कायद्याप्रमाणेच होते. मृत्युपत्राचं याच्या बरोबर उलट आहे. साध्या कागदावर लिहिलेलं, दोन साक्षीदारांच्या सह्या असलेलं मृत्युपत्र कायद्याने वैध असतं, नोंदणी ऐच्छिक असते. पण पोर्टलच्या यादीत 'नोंदणीकृत' हा शब्द आहे. त्यामुळे मृत्युपत्रानुसार खरी मालक असलेली मुलगी नोंद न केलेला तो कागद जोडून अर्ज करते आणि तो नाकारला जातो, तर ज्याचा एक रुपयाचाही हक्क नाही असा नॉमिनी भाचा बँकेच्या पत्रावर मंजुरी मिळवतो. पोर्टल चुकतं असं नाही. हिस्से ठरवणं त्याचं कामच नाही, बोलायला कोण येणार एवढंच त्याला हवं आहे.

एक उदाहरण पूर्ण करून पाहू. वाईचे एक निवृत्त शिक्षक. त्यांनी २०२४-२५ या आर्थिक वर्षाचं रिटर्न ऑगस्ट २०२५ मध्ये स्वतः भरलं, रिफंड ४८,००० रुपये. १२ ऑक्टोबरला ते वारले. घरात पत्नी, मुलगा, मुलगी आणि शिक्षकांच्या वृद्ध आई. पत्नीने निवृत्तिवेतनासाठी बँकेला मृत्यूची खबर दिली आणि खातं गोठलं. नोव्हेंबरमध्ये रिटर्नची प्रक्रिया झाली, रिफंड निघाला आणि परत गेला. पोर्टलवर 'Refund failed' दिसू लागलं.

यात बँकेने आडमुठेपणा केला असं घरच्यांना वाटतं, पण तसं नाही. खातेदार गेल्यावर त्याच्या नावाने येणाऱ्या रकमांसाठी रिझर्व्ह बँकेने दोन वाटा दिल्या आहेत: वारसांच्या संमतीने मृताच्या मालमत्तेच्या नावाने वेगळं खातं उघडून तिथे रक्कम जमा करायची, किंवा 'खातेदार मृत' असा शेरा मारून ती पाठवणाऱ्याला परत करायची. असं वेगळं खातं कोणी मागत नाही, म्हणून रक्कम परत जाते.

इथे बहुतेक घरांत पहिली चूक होते. मुलगा वडिलांच्याच युजर आयडीने लॉग इन करतो, वडिलांचा मोबाईल घरात असतोच, ओटीपी येतो, आणि तो नवीन खातं जोडायला जातो. खातं वैध ठरवताना बँकेकडून नाव आणि पॅन तपासलं जातं. वडिलांच्या पॅनखाली मुलाचं खातं जुळत नाही, आणि वडिलांचं जुनं खातं बंद आहे. म्हणजे रस्ता बंदच. वर, मृत व्यक्तीच्या ओटीपीने केलेली कोणतीही सही ही सही नव्हे. रिटर्न अशा पद्धतीने पडताळलं असेल तर पुढे तेच अंगाशी येतं.

सरळ रस्ता असा. अर्ज पत्नीने करावा, कारण कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद तिच्या नावे आहे आणि तो यादीत थेट बसतो. तिचं स्वतःचं पॅन पोर्टलवर नोंदलेलं हवं, आणि तिच्या एकटीच्या नावाचं, तिच्या पॅनला जोडलेलं बँक खातं तिच्या प्रोफाईलमध्ये आधीच वैध करून ठेवलेलं हवं. हे आधी केलं नाही तर मंजुरी मिळूनही पैसे कुठे घ्यायचे हा प्रश्न उरतो. मग तिच्या लॉगिनमध्ये Authorised Partners या मेनूतून Register as Representative Assessee. त्याच मेनूत दुसऱ्याच्या वतीने काम करण्याचे आणखी पर्याय आहेत, नावंही सारखीच वाटतात. ते या कामाचे नाहीत. नवीन विनंती तयार करून प्रकार निवडायचा Deceased (Legal Heir). पतीचं पॅन, जन्मतारीख, मृत्यूची तारीख आणि नोंदणीचं कारण भरायचं, कागद जोडायचे, आणि तिच्या मोबाईल-ईमेलवर आलेल्या ओटीपीने विनंती पाठवायची. विभागाकडून तपासणीला साधारण आठवडा धरून चाला.

विनंती नाकारली गेली तर कारण बहुधा मोठं नसतं. पॅनवर नाव पूर्ण आणि मृत्यू दाखल्यावर आडनाव आधी, वडिलांचं नाव गाळलेलं, अशी तफावत महाराष्ट्रात घरोघरी आहे. ती असेल तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र सोबत जोडा. प्रतिज्ञापत्र इथे उपयोगी पडतं, पण 'मी वारस आहे' एवढंच सांगणारं स्वतःचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र पुरावा म्हणून चालत नाही, कारण ते यादीतच नाही. नगरसेवकाचं किंवा सरपंचाचं पत्रही नाही. ते महसूल अधिकारी नव्हेत. तलाठी-तहसील कार्यालयातून आलेला दाखला फक्त मराठीत असेल, तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावं. अर्ज तपासणारा माणूस मराठी वाचणारा असेलच असं नाही.

मंजुरीनंतर पत्नीला स्वतःच्या लॉगिनमधूनच पतीच्या प्रोफाईलकडे जाता येतं. तिथे Services मध्ये Refund Reissue उघडून, अयशस्वी झालेल्या वर्षाची नोंद निवडून, तिचं वैध खातं देऊन विनंती करायची आणि पडताळणी तिच्या स्वतःच्या आधार ओटीपीने करायची. शिक्षकांचं एप्रिल ते १२ ऑक्टोबर २०२५ या काळाचं रिटर्न राहिलं आहे. तेही याच नोंदणीवर भरता येतं. रिटर्नमध्ये प्रतिनिधी म्हणून भरत असल्याचा रकाना आहे, तिथे पत्नीचं नाव आणि पॅन येतं. १२ ऑक्टोबरनंतरचं ठेवींवरचं व्याज त्या रिटर्नमध्ये घालू नये, ते वारसांचं उत्पन्न आहे. आणि हे सगळं आटोपेपर्यंत पतीचं पॅन रद्द करायला देऊ नये. बँकेतलं, विम्यातलं काम उरकल्यावर काही जण उत्साहाने तेच आधी करतात.

आता ४८,००० पत्नीच्या खात्यात आले. इथून दुसरा वारस सुरू होतो. आयकर कायदा, १९६१ च्या कलम २३८(२) मध्ये शब्द मोजून वापरलेले आहेत: मृत्यूमुळे रिफंड घेता आला नाही तर त्याचा कायदेशीर प्रतिनिधी तो मागू शकतो, पण त्या व्यक्तीच्या किंवा तिच्या मालमत्तेच्या हितासाठी. म्हणजे रक्कम पत्नीकडे आली तरी ती शिक्षकांच्या मागे राहिलेल्या मालमत्तेचाच भाग आहे. मृत्युपत्र नसेल तर हिंदू वारसा कायदा, १९५६ प्रमाणे पहिल्या वर्गात पत्नी, मुलगा, मुलगी आणि आई येतात, प्रत्येकाला सारखा वाटा. चौघांना प्रत्येकी १२,०००. आईचा वाटा विसरला जातो, इतका की अनेक घरांत ती वारस आहे हेच कोणाच्या ध्यानात नसतं. वडील हयात असते तर मात्र ते या वर्गात आले नसते.

गोव्यात हिशेब निराळा. लग्नाचा वेगळा करार नसेल, तर तिथे पतिपत्नीची मालमत्ता सामाईक असते, त्यामुळे अर्धा हिस्सा पत्नीचा स्वतःचाच असतो आणि वारसांत उरलेला अर्धा वाटला जातो. वारस कोण, हे तिथे विशेष नोटरीसमोर केलेल्या वारसा दस्ताने ठरवता येतं.

पोर्टल बाकीच्या वारसांची संमती मागत नाही, म्हणून ती घ्यायचीच राहून जाते. अर्जाआधीच साध्या कागदावर लिहून घ्यावं की पत्नी सर्वांच्या वतीने रिफंड घेत आहे, कोणत्या वर्षाचा, किती रकमेचा, आणि वाटणी कशी. तिघांच्या सह्या, तारीख, दोन साक्षीदार. सासूबाई आणि मुलं आपला हिस्सा पत्नीलाच ठेवा म्हणत असतील, तर तेही त्याच कागदावर. वाटणी करायची असेल तर रोख न देता खात्यातून पाठवावी.

कोर्टाचा रस्ता कधी? वारसांत वाद असेल, कोणीतरी पोर्टलवरच्या नोंदणीला हरकत घेत असेल, किंवा रकमेसोबत शेअर्स, मोठ्या ठेवी अशा गोष्टी सोडवायच्या असतील आणि त्या संस्था उत्तराधिकार प्रमाणपत्राशिवाय हलत नसतील, तेव्हा. भारतीय उत्तराधिकार कायदा, १९२५ खालचं ते प्रमाणपत्र येणी आणि रोखे यांच्यासाठीच असतं. ते काढायचंच असेल तर रिफंडची रक्कमही अर्जातल्या यादीत लिहावी, नाहीतर प्रमाणपत्र हातात असून रिफंड त्याबाहेर राहतो.