निळा प्रकाश रोखणारे चष्मे आणि स्क्रीनचा नाइट मोड

मोबाइल, संगणक आणि टीव्हीच्या पडद्यातून डोळ्यांत जाणारा निळा प्रकाश कमी करण्याचे दोन उपाय प्रचलित आहेत. पहिला उपाय म्हणजे चष्म्याच्या दुकानात ‘ब्लू कट’ या नावाने मिळणारी काच. दुसरा पडद्याचा रंग पिवळसर करणारी सोय, जिला कंपन्यांनी नाइट लाइट, नाइट शिफ्ट, आय कम्फर्ट अशी वेगवेगळी नावे दिली आहेत. एफ.लक्स नावाचा प्रोग्रॅम २००९ पासून संगणकावर हे काम करत होता. ॲपलने २०१६ साली ही सोय आयफोनमध्येच दिली आणि मग ती सगळीकडे आली. दोन्ही उपायांकडून लोकांच्या तीन अपेक्षा असतात: डोळ्यांचा थकवा जावा, झोप चांगली लागावी आणि डोळ्यांचा आतला पडदा म्हणजे रेटिना खराब होऊ नये. या तिन्ही गोष्टींमागची कारणे एकमेकांपासून वेगळी आहेत आणि विक्री करताना नेमकी तीच एकत्र कालवली जातात.

निळा म्हणजे कोणता निळा

प्रकाशाचा रंग तरंगलांबीवरून ठरतो. साधारण ४०० ते ५०० नॅनोमीटरच्या पट्ट्याला ढोबळमानाने निळा म्हणतात, पण त्याची दोन टोके सारखी नाहीत. ४०० च्या बाजूला जांभळा असतो आणि ५०० च्या बाजूला हिरवट निळा. तीव्र प्रकाशाने डोळ्यांच्या पडद्याला इजा होण्याचा धोका ४४० च्या आसपास सर्वांत जास्त मानतात. एलईडी पडद्यातला निळा बहुतेक ४५० च्या आसपास एकवटलेला असतो. झोपेचे घड्याळ ज्या पेशींवर चालते, त्या सर्वांत जास्त संवेदनशील असतात ४८० च्या जवळ.

या पेशींचा शोध तसा अलीकडचा आहे. पाहण्यासाठी लागणाऱ्या पेशींखेरीज डोळ्यांच्या पडद्यात मेलानॉप्सिन हे रंगद्रव्य असलेल्या आणखी काही पेशी असतात, हे २००२ च्या सुमारास स्पष्ट झाले. चित्र दाखवणे हे त्यांचे मुख्य काम नाही. बाहेर उजेड आहे की अंधार, हे त्या मेंदूला कळवतात. रात्री त्यांच्यावर उजेड पडला की झोपेची वेळ सांगणारे मेलाटोनिन हे संप्रेरक उशिरा किंवा कमी स्रवते. म्हणून झोपेसाठी काच घ्यायची असेल तर ती ४८० च्या आसपासचा प्रकाश अडवते का, हा प्रश्न विचारायला हवा. दुकानात तो क्वचितच विचारला जातो.

दुकानातली निळी टॉर्च

आपल्याकडच्या बहुतेक चष्म्याच्या दुकानांत एक प्रात्यक्षिक ठरलेले असते. विक्रेता पेनासारखी निळी-जांभळी टॉर्च काढतो आणि साध्या काचेतून एका छापील कार्डावर मारतो. कार्डावरचा ठिपका लगेच रंग बदलतो. मग तीच टॉर्च ब्लू कट काचेतून मारली की कार्ड कोरे राहते. गिऱ्हाईक प्रभावित होते, आणि प्रात्यक्षिक खोटेही नसते.

घोळ टॉर्चच्या निवडीत आहे. अशा पेनांमधला प्रकाश सहसा ४०५ नॅनोमीटरच्या आसपासचा, म्हणजे अतिनील किरणांच्या उंबरठ्यावरचा असतो. पारदर्शक ब्लू कट काचेचा सर्वांत मजबूत भाग तोच; काही काचा तर ४२० पर्यंतच अडवतात आणि तो आकडा त्यांच्या नावातही असतो. मोबाइलचा पडदा मात्र ४०५ ला जवळपास काहीच प्रकाश देत नाही. जो प्रकाश आपल्या फोनमधून येतच नाही, तो अडवून दाखवला जातो. ४५० पर्यंत पोचताना या काचांची पकड ढिली होते आणि ४८० ला बहुतेक प्रकाश आरपार जातो. अशा काचा एकूण निळ्यापैकी साधारण १० ते २५ टक्केच अडवतात. त्यांच्यावर दिसणारी निळी-जांभळी चमक म्हणजे परत फेकला गेलेला थोडासा निळा प्रकाश. ती पाहून काच किती अडवते हे ठरवता येत नाही.

घरी पाहायचे असेल तर फोनवर गडद निळ्या रंगाचे चित्र उघडावे आणि काच मध्ये धरून पाहावे. निळा जवळजवळ तसाच दिसला, तर काचेने फारसे काही अडवलेले नाही. केशरी किंवा गडद पिवळ्या काचेतून हेच चित्र काळपट दिसते. काच निळा अडवत असेल तर तिच्यातून जग पिवळे दिसणारच. पूर्ण पारदर्शक राहून सगळा निळा रोखणारी काच भौतिकशास्त्रात बसत नाही.

थकवा

दिवसभर पडद्यासमोर बसून डोळे चुरचुरतात, कोरडे पडतात, संध्याकाळी धूसर दिसते. हा त्रास खरा आहे, पण त्याचे कारण प्रकाशाचा रंग नाही. बोलताना किंवा चालताना माणूस मिनिटाला साधारण १५ वेळा पापण्या मिटतो. पडद्यावर नजर खिळली की हे प्रमाण बरेच खाली येते आणि पापणीही अर्धवटच मिटते. अश्रूंचा थर सुकतो. त्यात एसीचा झोत थेट तोंडावर असेल तर आणखी भर. दुसरे कारण म्हणजे डोळ्यांचे स्नायू तासन्‌तास जवळच्या एकाच अंतरावर ताणलेले राहणे. चाळिशीनंतर जवळचा नंबर लागलेला असून तो तपासलेलाच नसेल, तर हा ताण दुप्पट वाटतो.

मेलबर्न विद्यापीठातील संशोधकांच्या पुढाकाराने २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, उपचारांवरचे संशोधन तपासणाऱ्या कोक्रेन संस्थेच्या आढाव्यात १७ चाचण्या तपासल्या गेल्या. साध्या काचेच्या तुलनेत ब्लू कट काचेने थकवा कमी होतो असे त्यांना आढळले नाही. चाचण्या छोट्या आणि कमी मुदतीच्या होत्या, सर्वांत लांब पाच आठवड्यांची. त्यामुळे दीर्घकाळाबद्दल हा आढावा काही सांगत नाही. तरी ‘माझे तर डोके दुखायचे थांबले’ म्हणणारे भेटतात आणि ते खोटे बोलत नसतात. ब्लू कट चष्मा करताना बहुधा नंबरही नव्याने तपासला जातो, आणि बरे वाटण्याचे श्रेय जुन्या चुकीच्या नंबरातून सुटका झाल्याला असू शकते. चष्म्यावरचे प्रतिबिंब कमी करणारा थरही त्याच काचेवर असतो, त्याचा उपयोग होतोच. पण तो थर ब्लू कटशिवायही मिळतो.

डोळ्यांचा पडदा खराब होण्याच्या भीतीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. मोबाइल-संगणकाच्या पडद्यांचा प्रकाश सुरक्षिततेच्या मर्यादेपेक्षा खूपच कमी असतो, आणि निरभ्र निळ्या आकाशाकडे पाहताना त्याहून जास्त निळा प्रकाश डोळ्यांत जातो. ब्रिटनमध्ये बूट्स ऑप्टिशियन्स या चष्म्याच्या दुकानांच्या साखळीने अशा काचांच्या जाहिरातीत पडद्यांच्या प्रकाशामुळे होणाऱ्या हानीबद्दल दिशाभूल करणारे दावे केले, म्हणून या व्यवसायावर देखरेख ठेवणाऱ्या तिथल्या जनरल ऑप्टिकल कौन्सिलने २०१७ मध्ये तिला ४०,००० पौंड दंड केला.

नाइट मोडचा हिशेब

नाइट मोड लावल्यावर फोन प्रत्येक चित्रबिंदूतला निळा भाग (आणि थोडा हिरवा) कमी करून दाखवतो. प्रकाशाची छटा केल्विनमध्ये मोजतात; आकडा जितका कमी तितका रंग पिवळसर. पडद्याचा पांढरा रंग ६५०० केल्विनच्या आसपास असतो, तो सरकपट्टी कुठे आहे त्यानुसार ४००० किंवा २७०० पर्यंत उतरतो. काचेपेक्षा हा उपाय प्रामाणिक, कारण तो ४५० चा निळा खरोखर घटवतो. पण झोपेवर त्याचा किती परिणाम होतो, हे समजायला एक गणित मांडून पाहावे.

समजा फोनचा पडदा ७ × १५ सेंटिमीटरचा आहे, पूर्ण पांढरे पान उघडे आहे, उजळपणा, जो निट या एककात मोजतात, ५०० निट आहे आणि फोन चेहऱ्यापासून ३० सेंटिमीटरवर धरला आहे. डोळ्यांवर साधारण ५८ लक्स उजेड पडतो; लक्स हे एखाद्या जागेवर पडणाऱ्या उजेडाचे माप. ६५०० केल्विनच्या पांढऱ्याचे मेलानॉप्सिनच्या मापातले मूल्य, म्हणजे झोपेच्या घड्याळाच्या पेशींना तो उजेड किती जाणवतो याचा आकडा, हेही जवळपास तेवढेच, ५८. पारदर्शक ब्लू कट काच लावली आणि तिने त्यातला अगदी १५ टक्के भाग अडवला असे उदारपणे धरले, तर ४९ उरतात. नाइट मोड २७०० च्या जवळ नेला तर तेवढ्याच उजेडात हा आकडा साधारण निम्मा, २९ होतो. आता रंगाला हात न लावता फक्त उजळपणा ५०० वरून १०० निटवर आणला तर १२ च्या आसपास राहतात. दोन्ही एकत्र केले की ६. फोन ३० ऐवजी ६० सेंटिमीटरवर नेला तर कोणताही आकडा चौथा हिस्सा होतो. झोपण्यापूर्वीच्या तीन तासांत हे मूल्य १० च्या आत ठेवावे, अशी शिफारस तज्ज्ञांच्या एका गटाने २०२२ मध्ये केली आहे.

म्हणजे उजळपणाची पट्टी आणि हाताचे अंतर, या दोन फुकटच्या गोष्टी रंग बदलण्यापेक्षा जास्त काम करतात. पट्टी अर्ध्यावर आणली म्हणजे उजेड अर्धा झाला असे मात्र समजू नये. पट्टीचे आणि उजेडाचे प्रमाण सरळ नसते. शिवाय आपल्या अनेक घरांत रात्री अकरापर्यंत पांढरीशुभ्र एलईडी ट्यूब चालू असते. ती भिंती आणि छतावरून मिळून डोळ्यांवर फोनइतका किंवा जास्त उजेड टाकते, तेव्हा फोन पिवळा करून ट्यूबखाली बसण्यात फारसा अर्थ उरत नाही. ट्यूब बंद करून पिवळा दिवा लावणे हा त्याहून मोठा बदल आहे.

प्रत्यक्ष झोपेवरचे प्रयोगही याच बाजूला झुकतात. बोस्टनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या गाजलेल्या अभ्यासात १२ जणांनी झोपण्याआधी चार तास आयपॅडवर वाचले. छापील पुस्तक वाचणाऱ्या रात्रींपेक्षा त्यांना झोप लागायला सुमारे दहा मिनिटे जास्त लागली. तिथे पडदा पूर्ण उजळ होता आणि खोली मंद होती, हे सांगायचे मात्र बातम्यांत राहून जाते. अमेरिकेतल्या ब्रिगहॅम यंग विद्यापीठाने २०२१ मध्ये १६७ तरुणांचे तीन गट केले: झोपण्याआधी नाइट शिफ्ट लावून फोन वापरणारे, न लावता वापरणारे आणि फोन न घेणारे. पहिल्या दोन गटांच्या झोपेत फरक दिसला नाही. फोनमधला मजकूरच माणसाला जागे ठेवतो, ऑफिसचा ग्रुप किंवा संपतच नाहीत असे रील; त्यांना रंग कोणताही दिला तरी सारखेच.

गडद केशरी चष्मे हे वेगळे प्रकरण. ते ४८० चा प्रकाशही बऱ्यापैकी रोखतात. निद्रानाश असलेल्या लोकांवर आणि पाळीत काम करणाऱ्यांवर त्यांचे छोटे प्रयोग झाले असून काहींत फायदा दिसला आहे. ते घालायचे तर झोपण्यापूर्वीचे दोन-तीन तास, आणि रात्री वाहन चालवताना नाही, कारण उजेड कमी होतो आणि रंग ओळखू येत नाहीत. सकाळी तर ते घालूच नयेत; शरीराचे घड्याळ लावायला सकाळचा निळसर उजेडच लागतो, आणि दिवसा भरपूर उजेड मिळालेल्या माणसावर रात्रीच्या प्रकाशाचा परिणामही कमी होतो.

डार्क मोड म्हणजे नाइट मोड नव्हे. त्यात पार्श्वभूमी काळी होते, पिवळी नाही. ओएलईडी पडद्यावर काळा भाग प्रकाशच देत नाही, त्यामुळे एकूण उजेड खूप घटतो. जुन्या एलसीडी पडद्यावर मागचा दिवा तसाच चालू राहतो, तरी बाहेर पडणारा उजेड घटतोच. फोटो एडिट करणाऱ्यांनी, किंवा ऑनलाइन साडीचा रंग पाहून खरेदी करणाऱ्यांनी नाइट मोड आधी बंद करावा. बहुतेक फोनवर त्याचा पिवळेपणा स्क्रीनशॉटमध्ये येत नाही, म्हणून पाठवणाऱ्याला एक रंग दिसतो आणि पाहणाऱ्याला दुसरा.