उतारावरच्या झाडओळी: दोन ओळींतलं अंतर कसं ठरत गेलं

डोंगरउतारावर झाडांच्या ओळी लावायच्या आणि मधल्या पट्ट्यांत मका किंवा भात घ्यायचा, म्हणजे ॲली क्रॉपिंग करायचं म्हटलं, की पहिला प्रश्न येतो तो दोन ओळींत अंतर किती ठेवायचं याचा. उत्तर बहुतेक ठिकाणी तयारच असतं: 4 ते 5 मीटर. हा आकडा आला कुठून हे पाहायला गेलं तर वाट दोन ठिकाणी जाते. एक नायजेरियातलं इबादान, दुसरं फिलिपिन्समधलं मिंडानाओ बेट. आकडा दोन्हीकडे जवळपास सारखा असला तरी त्यामागचे हिशेब वेगळे होते, आणि ते एकमेकांत मिसळल्यामुळे पुढे बराच गोंधळ झाला.

इबादानच्या आंतरराष्ट्रीय उष्णकटिबंधीय कृषी संस्थेत बी. टी. कांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या दशकात हे काम सुरू केलं. त्यांच्यापुढचा प्रश्न पाण्याच्या लोटाचा नव्हता. फिरती शेती करणारा शेतकरी जमीन काही वर्षं पडीक टाकतो, ती झुडपांनी भरते आणि तिचा कस परत येतो. लोकसंख्या वाढली तशी ही विश्रांतीची वर्षं कमी झाली. मग झुडपं आणि पीक एकाच वेळी शेजारी-शेजारी ठेवता येतील का, असा तो विचार होता. सुबाभळीच्या ओळी साधारण 4 मीटरवर लावायच्या, वरचेवर छाटायच्या आणि पाला मधल्या पट्ट्यात पसरायचा. म्हणजे ओळींतलं अंतर ठरत होतं ते पाला किती मिळतो आणि पिकावर सावली किती पडते यावरून. सपाट रानात ओळी पूर्व-पश्चिम घ्या म्हणजे सावली कमी त्रास देईल, हा सल्लाही त्याच विचारातला. पुढे 1980 च्या दशकात त्याच संस्थेत रतन लाल यांनी बेताच्या उतारावर 2 आणि 4 मीटर अंतराच्या समतल ओळी लावून वाहून जाणारं पाणी आणि माती मोजली, तेव्हा कुठे या पद्धतीची धुपीच्या बाजूने नीट तपासणी झाली.

मिंडानाओत प्रश्नच उताराचा होता. दावाओ देल सुर प्रांतात बान्सालानजवळ हॅरल्ड वॉटसन या अमेरिकन मिशनऱ्याने 1971 मध्ये ग्रामीण केंद्र काढलं. आसपासचे शेतकरी जंगल तुटलेल्या उतारांवर मका करत आणि उत्पन्न वर्षागणिक घसरत चाललं होतं. 1978 मध्ये केंद्राने अशीच एक हेक्टर चढाची जमीन घेऊन तिच्यावर पद्धत बसवायला सुरुवात केली. तिचं नाव पडलं सॉल्ट, म्हणजे उतारावरच्या शेतीचं तंत्र. समतल रेषेवर एकेक मीटर रुंदीचा पट्टा नांगरायचा, त्यात अर्ध्या मीटर अंतरावर इपिल-इपिलच्या दोन दाट ओळी पेरायच्या. इपिल-इपिल म्हणजे आपली सुबाभूळच. झाडं मोठी झाली की दर 30 ते 45 दिवसांनी मीटर-दीड मीटर उंचीवर छाटायची आणि पाला पिकाच्या बुडाशी टाकायचा. ओळींच्या मधल्या दर तिसऱ्या पट्ट्यात कॉफी, कोको, केळी अशी कायमची पिकं, बाकीच्यांत मका, भात, कडधान्य.

ही कल्पना अगदी कोरी होती असं नाही. सेबू बेटावरच्या नालाद गावात शेतकरी कित्येक वर्षं सुबाभळीचं पडीक रान तोडून फांद्या उताराला आडव्या रचत आले होते. पाणी त्या रचाईला अडखळायचं आणि माती मागे साठायची. वॉटसन यांच्या केंद्राने त्याला मोजमाप दिलं आणि दहा पायऱ्यांत बसवलं. शिकवायला सोपं म्हणून ते पसरलंही भराभर. वॉटसन यांना 1985 मध्ये मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

ओळीची दिशा ठरवायला त्यांनी वापरलेलं अवजार म्हणजे ए-फ्रेम. दोन सारख्या लांबीचे बांबू वर एकत्र बांधायचे, मध्ये आडवी काठी, वरच्या टोकाला दोरी आणि दोरीला दगड. आडव्या काठीवर मधली खूण करायची पद्धत लक्षात ठेवण्यासारखी आहे. फ्रेम कुठेही उभी करा, दोरी काठीला जिथे लागते तिथे खूण करा. मग पायांची अदलाबदल करा, डावा पाय उजव्याच्या जागी, आणि पुन्हा खूण करा. दोन खुणांच्या बरोबर मधोमध खरी समपातळी. पाय एकाच लांबीचे नसले तरी चूक आपोआप निघून जाते. मग एक पाय रोवायचा, दुसरा वर-खाली सरकवत दोरी मधल्या खुणेवर आणायची, तिथे खुंटी मारायची आणि फ्रेम पुढे फिरवायची. महाराष्ट्रात सलग समतल चरांची आखणी ए-फ्रेमने किंवा पाण्याच्या नळीच्या हायड्रोमार्करने केलेल्यांना यात नवीन काही वाटणार नाही.

चूक होते ती बहुधा खुंट्या जोडताना. ओळ कुठे हातभर खाली उतरली की त्या पोटात वरचं सगळं पाणी गोळा होतं. मग झाडओळीच्या या कुंपणाने पाणी अडवण्याऐवजी एका जागी जमवून दिलं, असं होतं. पहिल्या मोठ्या पावसानंतर ओळीच्या वरच्या अंगाने चालत गेलं की हे कळतं. गाळ सगळीकडे सारखा बसलेला असेल तर रेषा बरोबर. एका जागी गाळाचा ढीग आणि त्याच्याच खाली ताजी ओघळ दिसली तर ओळ तिथे बुडालेली आहे.

आता अंतर. सॉल्टमध्ये 4 ते 5 मीटर सांगत, पण खरा नियम उभ्या उतरणीचा होता: वरच्या ओळीपासून खालची ओळ साधारण 1 मीटर खाली यावी, आणि उतार कमी असला तरी अंतर 5 मीटरच्या पुढे जाऊ नये. 20 टक्के उतारावर 1 मीटर उतरायला 5 मीटर लागतात, 40 टक्क्यांवर अडीच. बांधबंदिस्तीचं काम केलेल्यांना हा उभ्या अंतराचा हिशेब ठाऊकच असतो. फक्त बांध पाणी साठवून ठेवतो आणि जादा पाणी सांडव्यातून काढतो, म्हणून 6 टक्के उतारावर नेहमीच्या सूत्राने दोन बांधांत 20 मीटर अंतर येतं. झाडांचं कुंपण गळकं असतं. ते पाणी फक्त रेंगाळवतं. म्हणून ओळी जवळ हव्यात, असं तेव्हाचं तर्कशास्त्र.

ते धुपीपुरतं बरोबर होतं. केंद्राच्या स्वतःच्या मोजणीत सॉल्टच्या रानातून वर्षाला हेक्टरी सुमारे 3.4 टन माती गेली, तर नेहमीच्या पद्धतीच्या रानातून 194 टनांच्या आसपास. पण शेतकऱ्याच्या बाजूने हिशेब मांडून पाहा. 20 टक्के उताराची, 100 मीटर लांब आणि 100 मीटर रुंद अशी एक हेक्टर जमीन धरा. 5 मीटरवर ओळी म्हणजे 20 ओळी. प्रत्येकीला 1 मीटर जागा, म्हणजे पाचवा हिस्सा जमीन कुंपणात गेली. कुंपणाची एकूण लांबी 2 किलोमीटर, आणि ते दर महिना-दीड महिन्याने छाटायचं. घरात दोन माणसं कामाची असतील तर मक्याच्या खुरपणीच्या दिवसांत हे होणार कसं? 40 टक्के उतारावर तर ओळी दुप्पट. पद्धत शिकून गेलेल्या कित्येकांनी ती अर्ध्यावर सोडली ती आळसाने नव्हे.

त्यात 1985 च्या सुमारास सुबाभळीवर सिलिड ही रस शोषणारी किड फिलिपिन्समध्ये आली आणि शेंडे जळाले. पुढे 1988 मध्ये ती भारतातही पोचली. केंद्राने फ्लेमिंजिया, डेस्मोडियम, गिरिपुष्प अशी मिसळ सुरू केली. अंतराचा नियम मात्र तसाच राहिला.

तो बदलला क्लावेरियात. मिंडानाओच्याच उत्तरेकडच्या मिसामिस ओरिएंताल प्रांतातल्या या तालुक्यात आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था 1980 च्या दशकात काम करत होती. 1987 मध्ये तिथल्या शेतकऱ्यांना सेबूतल्या शेतकऱ्यांकडे समतल कुंपणं बघायला नेलं. ते परत आले, समतल रेषा आखल्या, आणि त्यांच्यापैकी काहींनी नंतर झाडं लावलीच नाहीत. रेषेवर अर्धा मीटर रुंदीचा पट्टा नांगरायचा राहू दिला, एवढंच. त्यात गवत आपसूक वाढलं आणि माती अडू लागली. बियाणं नाही, रोप नाही, छाटणी नावापुरती. पुढे आंतरराष्ट्रीय कृषिवानिकी केंद्राचे डेनिस गॅरिटी आणि सहकाऱ्यांनी या नैसर्गिक गवतपट्ट्यांवर काम केलं आणि सल्ला दिला तो 2 ते 4 मीटर उभ्या उतरणीचा.

आधीच्याच हेक्टरवर हे बसवून बघू. 4 मीटर उतरण म्हणजे 20 मीटरला एक पट्टा. एकूण 5 पट्टे, अर्ध्या मीटरचे, म्हणजे अडीच टक्के जमीन. माती थोडी जास्त जाते, पण कुंपणाची संख्या चौपट केली म्हणून अडलेली माती चौपट होत नाही. पहिल्या काही अडथळ्यांतच मोठा फायदा हाती लागतो, नंतरच्या प्रत्येक ओळीचा वाटा घटत जातो.

याचं कारण पाणी अडवणारं नेमकं काय आहे, त्यात आहे. कृषिवानिकी केंद्राच्याच अँथनी यंग यांनी 1980 च्या दशकाच्या शेवटी हे ठासून मांडलं होतं: झाडाचा विस्तार धूप थांबवत नाही, उलट उंचावरच्या पानांवरून पडणारा थेंब मोठा होऊन जोरात आदळतो. पाण्याला अडखळवतात ती बुडाशी दाटलेली खोडं, गवत आणि पडलेला पाला. म्हणजे मीटर-मीटरवर एकेक झाड असलेली उंच, मोकळ्या बुडाची ओळ कितीही हिरवी दिसली तरी लोटाला वाट देते. दाट गवताची हातभर रुंद पट्टी तिच्यापेक्षा जास्त काम करते. फळझाडं किंवा लाकडाची झाडं लावायची तर ती गवतपट्टीच्या आत किंवा काठाला, अशी मांडणी क्लावेरियात पुढे आली ती यामुळेच.

आणखी एक गोष्ट अशी की ओळी जवळ असल्या म्हणजे नुकसान नाही असं नव्हे. दोन पट्ट्यांमध्ये नांगरताना तास नेहमी खालच्या बाजूला पलटतो. प्रत्येक नांगरटीत थोडी माती खाली सरकते, खालच्या पट्टीला अडते आणि तिथे हळूहळू पायरी तयार होते. ही पायरी बघून पाहुणे खूश होतात. पण ती माती आली कुठून? वरच्या पट्टीच्या लगेच खालून. तिथे पोटातली फिकट, निकस माती उघडी पडते. मका उभा असताना बघावं: पट्टीच्या वरच्या अंगाला ताटं गडद आणि उंच, खालच्या अंगाला पिवळी आणि गुडघाभर. सरळ उतारावर प्रत्येक पट्टीपाशी दर नांगरटीला साधारण तेवढीच माती सरकते, त्यामुळे 20 पट्ट्या म्हणजे असे 20 उघडे पट्टे, 5 म्हणजे 5. यावर उपाय म्हणजे शेणखत आणि स्फुरद वरच्या पट्टीच्या लगेच खालच्या भागाला जास्त देणं, नांगरट कमी करणं, जमेल तिथे तास वरच्या बाजूला पलटवणं. अंतर कमी करून हा त्रास जात नाही, तो वाढतो.

एक अडचण मात्र कोणत्याही अंतराला चुकत नाही. डोंगर सारखा नसतो, म्हणून समतल रेषा समांतर धावत नाहीत. उतार मंदावला तिथे दोन ओळी लांब जातात, चढ आला तिथे जवळ येतात, आणि नांगराच्या फेऱ्या मध्येच संपतात. रुंद पट्ट्यांत हे निभावतं. उरलेल्या पाचरीच्या तुकड्यात आखूड तास घेतात किंवा तिथे केळी, अननस लावून मोकळे होतात.

आणि ए-फ्रेमचं काय झालं? क्लावेरियात ती बऱ्याच जणांनी कोपऱ्यात ठेवली. उताराला आडवं नांगरत जायचं आणि पुढच्या जनावराच्या पाठीकडे नजर ठेवायची. पाठ पुढून उचलली की आपण चढतो आहोत, पुढून उतरली की खाली चाललो आहोत, सपाट दिसते तोवर रेषा बरोबर. या रीतीला तिथे नावच पडलं, गाईच्या पाठीची पद्धत. आखणी आणि पहिला तास एकाच फेरीत होतो, आणि 15-20 मीटरवरच्या गवतपट्टीला एवढी अचूकता पुरते. बुडालेली जागा राहिलीच तर पहिल्या पावसाचा गाळ ती दाखवतो, आणि पुढच्या नांगरटीला तेवढी पट्टी थोडी वर घेता येते.