संक्षेप-विस्तार (ऑटोहॉटकी)

विंडोजवर टंकलेल्या दोन-चार अक्षरांच्या जागी पूर्ण मजकूर आणून ठेवणारी स्क्रिप्ट. ऑटोहॉटकीत अशा संक्षेपाला हॉटस्ट्रिंग आणि कळांच्या जोडीला हॉटकी म्हणतात.

ऑटोहॉटकी ही स्क्रिप्टभाषा ख्रिस मॅलेट यांनी २००३ च्या सुमारास लिहिली. तिला ‘ऑटोइट’ या आधीच्या स्क्रिप्टभाषेची शाखा म्हणण्याची रीत आहे. परंतु हॉटकीची सोय ऑटोइटमध्ये यावी ही सूचना मान्य न झाल्याने मॅलेट यांनी वेगळा प्रोग्राम बांधला आणि आज्ञांची धाटणी तेवढी ऑटोइटच्या दुसऱ्या आवृत्तीवरून घेतली, हे म्हणणे अधिक ग्राह्य वाटते. ऑटोहॉटकीची दुसरी आवृत्ती डिसेंबर २०२२ मध्ये आली. पुढील उदाहरणे तिची आहेत.

मराठवाड्यात २०२३ पासून उस्मानाबादचे धाराशिव झाले. दाखले व अर्ज टंकणाऱ्याने `ds` हा संक्षेप ठेवला असेल, तर स्क्रिप्टमधली एक ओळ बदलून भागते. घोटाळा होतो तो असा:

```
:*:ds::धाराशिव
::dsj::धाराशिव जिल्हा
```

तारांकनामुळे पहिला संक्षेप `s` पडताच उलगडतो आणि `dsj` टंकल्यावर कागदावर ‘धाराशिवj’ उमटते. ओळींचा क्रम बदलून उपयोग नाही. तारांकन काढावे, मग स्पेस, एंटर किंवा विरामचिन्ह येईपर्यंत स्क्रिप्ट थांबते आणि दोन्ही संक्षेप सुखाने नांदतात.

क्रमाला महत्त्व येते ते दोन संक्षेप एकाच क्षणी जुळतात तेव्हा. `?` लावलेला संक्षेप शब्दाच्या शेवटीही चालतो. त्यामुळे `:?:nd::नांदेड` ही ओळ वर आणि `::hnd::हिंगोली-नांदेड` खाली असेल, तर `hnd` नंतर ‘hनांदेड’ येते. वरची ओळ जिंकते, म्हणून लांब संक्षेप आधी लिहावा.

संक्षेप ओळखला जातो तो चालू कळफलकाप्रमाणे. इनस्क्रिप्टवर `d` व `s` च्या कळांतून हलन्त आणि एकार निघतात, तेव्हा `ds` उलगडत नाही. स्क्रिप्ट बिघडली असे वाटून पुष्कळांचा वेळ इथेच जातो.

हॉटकींचा संघर्ष निराळा. एकाच स्क्रिप्टमध्ये `^!j`, म्हणजे Ctrl+Alt+J, विनाअट दोनदा आला, तर स्क्रिप्ट सुरूच होत नाही. `#HotIf` ने अट घातल्यास अट जुळणारी आधीची व्याख्या चालते, विनाअट व्याख्या सर्वांत शेवटी. तीच जोडी दुसऱ्या प्रोग्रामने विंडोजकडे आधीच नोंदवली असेल, तर ऑटोहॉटकी आपणहून कीबोर्ड हुककडे, म्हणजे कळा इतर प्रोग्रामांच्या आधी पकडण्याच्या सोयीकडे, वळते आणि कळ त्या प्रोग्रामपर्यंत पोहोचत नाही. दोन स्क्रिप्टांनी हुक लावला असेल, तर नंतर सुरू केलेलीला प्राधान्य. कोणती हॉटकी कोणत्या मार्गाने चालते हे `ListHotkeys` च्या यादीत `reg` किंवा `k-hook` असे दिसते. प्रशासकाच्या अधिकाराने उघडलेल्या खिडकीत मात्र साध्या अधिकाराची स्क्रिप्ट कळा पकडू शकत नाही.