गुलाबी दांडा, निळा दांडा

कॉलेजात असताना भावाचा रेझर गुपचूप वापरायचा, धुऊन जिथल्या तिथे ठेवायचा, हा आमच्या पिढीतल्या बऱ्याच मुलींचा उद्योग होता. चोरी उघडकीला यायची ती दुसऱ्या दिवशी. दाढी करता करता भाऊ ओरडायचा, "माझं ब्लेड कुणी बोथट केलं?" पायावरचे ते बारीक केस, त्यांनी ब्लेड कसलं बोथट होतंय, असं मी ठासून सांगायचे.

माझं चुकत होतं. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये जियानलुका रोशोली नावाच्या संशोधकाने स्वतःची दाढी केली आणि प्रत्येक वेळी ते ब्लेड इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली धरलं. केस हा ब्लेडच्या पोलादापेक्षा सुमारे ५० पट मऊ असतो, त्यामुळे धार हळूहळू झिजून गोल होत असेल असा सगळ्यांचा समज होता. त्याला दिसलं वेगळंच. धारेच्या काठाचे बारीक टवके उडत होते. केस वाकून तिरका झाला आणि नेमक्या त्या जागी पोलादाची रचना एकसारखी नसली, तर तेवढा कण तुटतो. २०२० मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात हे प्रसिद्ध झालं. त्याने तपासले ते दाढीचे केस, पण पायाच्या केसांना या नियमातून सूट मिळावी असं काही कारण दिसत नाही. केस कुणाचा आहे हे ब्लेडला कळत नाही. त्याला कळते ती केसाची जाडी, तो ओला आहे की कोरडा, आणि तो कोणत्या कोनात समोर येतो.

मग बायकांसाठी वेगळा रेझर का? जिलेटने १९१५ मध्ये खास स्त्रियांसाठी सोनेरी मुलाम्याचा छोटा रेझर काढला, तेव्हापासून हा प्रश्न आहे. पातं तेच पोलादी, त्यावरचे झीज रोखणारे आणि घर्षण कमी करणारे लेपही त्याच प्रकारचे. फरक असतो तो पात्याच्या भोवती. दाढी करणारा माणूस आरशासमोर उभा असतो, जबडा आणि वरचा ओठ अशा छोट्या, वळणदार जागेवर, जाड केसांवर काम करतो. पाय ही लांबच लांब जागा, मध्येच गुडघा आणि घोटा. काखेत तर खळगा, आणि तिथलं धड दिसतही नाही. हे सगळं न्हाणीघरात, साबणाच्या हाताने, वाकून. म्हणून बायकांच्या रेझरचा दांडा जाड आणि रबरी, डोकं गोलसर, आणि वंगणाची पट्टी बरेचदा मोठी असते. हा फरक खरा आहे, मी तो नाकारणार नाही. पण तो जागेचा फरक आहे. छातीचे किंवा पायाचे केस काढणाऱ्या पोहणाऱ्या मुलाला गुलाबी दांडा जास्त सोयीचा पडेल, आणि वरच्या ओठावर नाजूकपणे फिरवायचा असेल तर बाईला छोट्या डोक्याचा.

ब्लेड ओढतंय, पुळ्या येताहेत, अशी तक्रार असेल तर आधी पाणी बघावं. केस दोन-तीन मिनिटं कोमट पाण्यात भिजला की फुगतो आणि कापायला बराच कमी जोर लागतो. आंघोळीच्या शेवटी रेझर हातात घेणारी बाई आणि कोरड्या गालावर फेस फासून लगेच सुरू होणारा पुरुष यांच्या अनुभवात जो फरक पडतो, तो कंपनीने घातलेला नसतो.

डिओच्या बाबतीत तर मामला आणखी पातळ आहे. घामाला मुळात वास नसतो. काखेतल्या विशिष्ट ग्रंथींचा स्राव तिथले जिवाणू फोडतात, त्यातून गंधकयुक्त, उग्र वासाचे रेणू तयार होतात. पुरुषांना सरासरीने घाम जास्त येतो, पण वास तयार होण्याची रीत दोघांत तीच. त्यामुळे उपायही दोनच: जिवाणू कमी करणं किंवा घाम अडवणं. घाम अडवणाऱ्या अँटिपर्स्पिरंटमध्ये अ‍ॅल्युमिनियमचे क्षार असतात. ते घामात विरघळून घर्मनलिकेच्या तोंडाशी जेलसारखं बूच बसवतात. अमेरिकेत हे औषध मानलं जातं, म्हणून क्षाराचं नाव आणि टक्केवारी डब्यावर छापावीच लागते, आणि त्याची कमाल मर्यादा ठरवताना नियमाने स्त्री-पुरुष असा भेद केलेला नाही. हे बूच नीट बसायला त्वचा कोरडी लागते. म्हणून रात्री झोपताना लावलेलं, सकाळी घाईत ओल्या काखेत फासलेल्यापेक्षा जास्त काम करतं. आपल्याकडे 'डिओ' म्हणून जे फवारे विकले जातात त्यांत बहुतेक अल्कोहोल, वायू आणि अत्तर असतं. तिथे 'फॉर मेन' म्हणजे लाकडाचा वास आणि 'फॉर विमेन' म्हणजे फुलांचा, एवढंच.

शाम्पूत मात्र एक खरी गोष्ट दडलेली आहे, तिचं नाव लांबी. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटीमीटर वाढतो. म्हणजे ४५ सेंटीमीटर लांब केसाचं टोक तीन वर्षांचं असतं. आठवड्यातून तीनदा धुतलं तर त्या टोकाने साडेचारशेच्या वर धुलाया सोसलेल्या असतात, त्यात विंचरणं, ऊन आणि ड्रायर वेगळाच. त्याचा वरचा खवल्यांचा थर उचकटलेला असतो, म्हणून त्याला सिलिकॉनसारख्या गुळगुळीत करणाऱ्या पदार्थांचा उपयोग होतो. पाच सेंटीमीटरचा केस जेमतेम चार महिन्यांचा, त्याला त्याची गरज नाही. आता लांबी आणि लिंग यांची गल्लत कंपनी करते. शेंडी राखणाऱ्या पुरुषाला बायकांची बाटली लागेल, बॉयकट केलेल्या मुलीला नाही. आणि पुरुषांच्या काळ्या बाटलीतला 'कूल' म्हणजे मेंथॉल: ते त्वचेतल्या थंडी ओळखणाऱ्या चेतातंतूंना चाळवतं, केस जास्त स्वच्छ करत नाही.

तर मग किंमत? न्यू यॉर्क शहराच्या ग्राहक विभागाने २०१५ मध्ये जवळपास ८०० वस्तू तपासल्या. बायकांसाठीचे शाम्पू-कंडिशनर सरासरीने ४८ टक्के महाग निघाले, रेझर ११ टक्के. 'पिंक टॅक्स' हा शब्द त्यानंतर खूप गाजला. पण २०२३ मध्ये सारा मोशारी, अ‍ॅना टकमन या संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच कंपनीची, घटक सारखेच असलेली स्त्री-पुरुषांची उत्पादनं समोरासमोर ठेवली, तेव्हा बायकांच्या वस्तू सरसकट महाग आढळल्या नाहीत. मला वाटतं दोन्ही खरं आहे. कंपन्या घटक थोडे वेगळे ठेवतात आणि मग किंमतही वेगळी ठेवतात. त्यामुळे 'एकाच वस्तूला जास्त पैसे' असं सिद्ध करायला सारखी वस्तूच सापडत नाही.

तो 'थोडा वेगळेपणा' केवढा, हे बाटलीच्या मागे वाचता येतं. भारतातही घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, फक्त एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले कुठल्याही क्रमाने येऊ शकतात. आता यादीत फिनॉक्सिएथेनॉल शोधा. हे टिकाऊपणासाठीचं रसायन एक टक्क्यापेक्षा जास्त घालायची परवानगी नसते. म्हणजे त्याच्यानंतर जे जे येतं ते सगळं एक टक्का किंवा कमीच. 'कोरफड', 'आर्गन तेल', 'कोळसा' असं पुढे मोठ्या अक्षरात लिहिलेलं नाव मागे त्या रेषेखाली सापडलं, की बाटलीभर शाम्पूत ते फार तर चमचाभर आहे असं समजावं. आणि दोन बाटल्यांची तुलना छापील किमतीवर न करता मिलिलिटरमागे करावी. १८० आणि २०० मिलिलिटरच्या बाटल्या शेजारी ठेवल्या की डोळे फसतात.

आमच्या न्हाणीघरात आता नवऱ्याचा आणि माझा, दोन्ही रेझर एकाच निळ्या पाकिटातले आहेत. ब्लेड मात्र वेगळं ठेवतो, कारण बारीक कापल्यावर धारेला रक्त लागतं आणि त्यातून हिपॅटायटिस बी-सीसारखे आजार पसरू शकतात. ओळखू यावा म्हणून माझ्या दांड्यावर मी नेलपॉलिशचा एक ठिपका दिलाय. लालच होतं घरात.