ट्रेंडिंग यादी

ट्रेंडिंग यादी : समाजमाध्यमावर एकाएकी चर्चेत आलेल्या विषयांची यादी. ती आपोआप तयार होते आणि दर काही मिनिटांनी बदलते. ट्विटरने (आताचे एक्स) ती २००८ मध्ये सुरू केली आणि पुढे इतर माध्यमांनी आपापल्या परीने उचलली. सर्वांत जास्त बोलले जाणारे विषय या यादीत असतात, हा सर्वसाधारण समज आहे आणि तो चुकीचा आहे. यादी मोजते ती उसळी : एखादा विषय त्याच्या स्वतःच्या नेहमीच्या पातळीपेक्षा किती वर गेला आहे. ही ‘नेहमीची पातळी’ कोणाची आणि कुठली धरायची, यावर पुढचे सगळे ठरते. दोन शहरांच्या याद्या वेगळ्या दिसतात त्याचेही मूळ तिथेच आहे.

सुरुवातीला नुसती मोजणी जास्त प्रभावी होती. परिणामी काही नावे यादीतून हलतच नसत. कॅनडाचा गायक जस्टिन बीबर हे त्याचे गाजलेले उदाहरण. त्याचे चाहते दिवसरात्र लिहीत आणि त्याचे नाव आठवडेच्या आठवडे यादीत राही. २०१० मध्ये ट्विटरने हिशेब बदलून नावीन्याला अधिक वजन दिले, आणि रोज तितकेच बोलले जाणारे नाव मागे पडू लागले.

उसळी कशी मोजतात

आधी संदेशांतून हॅशटॅग, नावे आणि दोन-तीन शब्दांचे समूह वेगळे काढतात. एकाच विषयाची वेगवेगळी रूपे शक्य तितकी एकत्र केली जातात. मग प्रत्येक विषयाचा ताज्या काळातला आकडा त्याच्या अपेक्षित आकड्याशी ताडून पाहतात. कंपन्या आपले नेमके सूत्र जाहीर करत नाहीत, पण त्यामागची कल्पना पुढच्या साध्या सूत्रावरून कळते :

```
z = (x - m) / sqrt(m)
```

इथे `x` म्हणजे या तासातले संदेश, `m` म्हणजे अपेक्षित संदेश आणि `sqrt` म्हणजे वर्गमूळ. वर्गमुळाने भागायचे कारण असे, की मोठ्या आकड्यात चढउतारही मोठे असतात. तासाला ९,००० वेळा येणारा शब्द उद्या ९,१०० वेळा आला तर त्यात विशेष काही नाही. तासाला ४ वेळा येणारा शब्द १०४ वेळा आला तर नक्कीच काहीतरी घडले आहे. दोन्हीकडे वाढ शंभराचीच असली तरी पहिल्याचा `z` साधारण १ येतो आणि दुसऱ्याचा ५०.

अपेक्षित आकडा काढताना वेळेचे भान ठेवावे लागते. ‘शुभ सकाळ’ हे शब्द पहाटे चारपेक्षा आठ वाजता कितीतरी पटींनी जास्त येतात. त्यांची तुलना मागच्या दोन तासांशी केली तर ते रोज सकाळी यादीच्या माथ्यावर बसतील. म्हणून आजच्या आठची तुलना एरवीच्या आठशी, आणि रविवारची रविवारशी करणे भाग पडते.

पातळी शिकते, म्हणून विषय उतरतो

अपेक्षित आकडा कायमचा नसतो. ताजी मोजणी त्यात मिसळत राहते. समजा, दर तासाला जुन्या पातळीचे ९० टक्के आणि नव्या मोजणीचे १० टक्के धरून नवी पातळी ठरते, आणि यादीत येण्यासाठी `z` किमान १० लागतो. (हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत.) तासाला १० वेळा येणारे एक नाव अचानक तासाला १,००० वेळा येऊ लागले आणि तिथेच टिकले. पहिल्या तासात `z` ३०० च्या पुढे जातो. एका तासाने पातळी १०९ होते आणि `z` ८५ वर येतो. बारा तासांनी पातळी ७२० च्या आसपास पोहोचते आणि `z` जेमतेम १० उरतो. चोवीस तासांनी तो २.६ होतो. लोक अजूनही तासाला हजार वेळा तेच नाव लिहीत आहेत, पण ते यादीतून कधीच उतरले आहे. असे झाले की ‘आमचा विषय दाबला’ असा ओरडा होतो. दाबणेही घडू शकते, पण या उदाहरणात कोणी बोटसुद्धा लावलेले नाही.

याहून फसवी गत हळूहळू वाढणाऱ्या विषयाची. एक विषय तासाला २ टक्क्यांनी वाढत, म्हणजे दीड दिवसात दुप्पट होत, तासाला १,००० संदेशांवर पोहोचला असे धरू. पातळी त्याच्या मागोमाग चढत साधारण ८३३ वर आलेली असते आणि `z` ६ पेक्षाही कमी भरतो. आधीच्या नावाइतकेच लोक याविषयी बोलत आहेत, तरी हा विषय यादीत दिसत नाही.

प्रत्यक्षात असे घडल्याचे ठळक उदाहरण म्हणजे न्यूयॉर्कमधील ‘ऑक्युपाय वॉल स्ट्रीट’ आंदोलन. ते १७ सप्टेंबर २०११ रोजी सुरू झाले. #OccupyWallStreet हा हॅशटॅग इतरत्र यादीत येत होता, पण न्यूयॉर्कच्या यादीत येत नव्हता. ट्विटर तो मुद्दाम लपवत असल्याचा आरोप झाला. गिलाद लोटन या विश्लेषकाने आकडे तपासले, तेव्हा त्याला सेन्सॉरशिपचा पुरावा सापडला नाही. चर्चा एका झटक्यात न उसळता चढत गेली होती आणि त्याच दिवसांत तीव्र उसळी घेणारे दुसरे विषय तिला मागे टाकत होते. ज्या शहरात विषय सर्वांत जास्त घोळतो तिथे त्याची पातळीही सर्वांत उंच असते. स्वतःच्या घरीच तो यादीत यायला सर्वांत कठीण जातो, तो यामुळे.

प्रदेशानुसार फरक

ट्विटरने जानेवारी २०१० मध्ये देश आणि शहरांच्या स्वतंत्र याद्या सुरू केल्या. ठिकाणे ओळखण्यासाठी याहूची क्रमांकपद्धती वापरली. तिच्यात १ हा क्रमांक संपूर्ण जगाचा. प्रत्येक ठिकाणाची मोजणी आणि पातळी निराळी ठेवली जाते.

एक उदाहरण घेऊ. एका गायिकेचे नाव एका शहरात तासाला सरासरी ४ वेळा, देशभरात ४०० वेळा आणि जगभरात २,५०० वेळा येते. तिचा कार्यक्रम त्या शहरात ऐनवेळी रद्द होतो आणि शहरातून ९६ संदेश जास्तीचे येतात. हे ९६ संदेश तिन्ही मोजण्यांत धरले जातात. शहराच्या हिशेबात `z` ४८ येतो, देशाच्या हिशेबात ४.८ आणि जगाच्या हिशेबात १.९. शहराच्या यादीत नाव माथ्यावर जाते, उरलेल्या दोन्ही याद्यांत त्याचा मागमूस नसतो. तिन्ही उत्तरे बरोबर आहेत, कारण विचारलेले प्रश्नच तीन आहेत.

लहान प्रदेशात उलटी अडचण येते. चार तासांत एखाद्या वेळी येणाऱ्या शब्दाची अपेक्षित पातळी ०.२५ असते. चार मित्रांनी तो एकेकदा लिहिला की `z` ७.५ होतो, आणखी दोघे आले की १० च्या पार. म्हणून किमान संख्येची अट घालतात, आणि संदेशांऐवजी वेगवेगळी खाती मोजतात, म्हणजे एकट्याने शंभरदा लिहून काही साधत नाही. ही अट सैल असेल तर छोट्या शहराच्या यादीत कोणालाच न कळणारे शब्द दिसू लागतात.

संदेश कुठून आला हे ठरवणे हाही बराचसा अंदाजच असतो. नेमके अक्षांश-रेखांश फार थोड्या संदेशांना जोडलेले असतात. उरलेल्यांसाठी जोडणीचा आयपी पत्ता किंवा वापरणाऱ्याने स्वतः लिहिलेले गाव यांवर विसंबावे लागते. गाव सोडून वीस वर्षे झालेला माणूस खात्यावर अजून तेच नाव ठेवून असतो, आणि व्हीपीएन वापरणारा भलत्याच देशात मोजला जातो.

खात्यानुसार फरक

जून २०१२ पासून ट्विटरने यादी प्रत्येक खात्यानुसार जुळवायला सुरुवात केली. ठिकाण आणि आपण कोणाला फॉलो करता, या दोन गोष्टी त्यात धरल्या गेल्या. ढोबळ रीत अशी, की आधी प्रदेशातून उसळी घेतलेले विषय निवडायचे आणि मग खात्याच्या आवडीचे वजन देऊन त्यांचा क्रम बदलायचा. वरच्याच शहरात एका क्रिकेट सामन्याचा `z` ३० आहे असे समजा. संगीतकारांना फॉलो करणाऱ्याला गायिका पहिली दिसेल. क्रिकेटवेड्या खात्यासाठी सामन्याचे वजन २ आणि गायिकेचे १ धरले, तर सामना ६० गुण घेऊन तिच्या ४८ च्या वर जाईल. याशिवाय आपण म्यूट केलेले शब्द, पैसे देऊन लावलेले जाहिरातीचे विषय आणि शिवराळ शब्दांची गाळणी यांमुळेही याद्या बदलतात. दोघांनी यादी दहा मिनिटांच्या अंतराने उघडली असेल, तर फरक नुसता वेळेचाही असू शकतो.

फरक कशामुळे आहे हे पडताळता येते. दोन्ही फोनवर एकच ठिकाण निवडून, व्यक्तिगत जुळवणी बंद करून, एकाच मिनिटाला यादी ताजी करावी. आता याद्या जुळल्या तर आधीचा फरक ठिकाणाचा, खात्यांचा किंवा वेळेचा होता.

वैयक्तिक याद्यांचा तोटा असा, की समोरच्याला काय दिसते हे कोणालाच कळत नाही. फेसबुकने आपल्या ट्रेंडिंग विभागात जानेवारी २०१७ मध्ये हे उलट फिरवले आणि एका प्रदेशातल्या सर्वांना एकच यादी दाखवायला घेतली. तो विभाग २०१८ मध्ये बंदच झाला.

बनावट उसळी

उसळी मोजणाऱ्या यंत्राला फसवायला फार संदेश लागत नाहीत, ते एकदम यावे लागतात. तुर्कस्तानातील ट्विटर यादीवर २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात याची एक धूर्त रीत उघड झाली. बरीचशी बळकावलेली खाती शब्दकोशातले कसेही निवडलेले शब्द आणि त्यात हवा तो विषय घालून एकाच वेळी संदेश टाकत आणि काही क्षणांत ते पुसून टाकत. पुसलेले संदेश मोजणीतून वजाच होत नव्हते. विषय यादीत चढे, तोवर पुरावा नाहीसा झालेला असे, आणि यादीत पाहून कुतूहलाने लिहिणारे खरे लोक पुढची मोजणी भरून काढत. त्या देशाच्या यादीतील दररोजच्या पहिल्या पाच विषयांपैकी किमान ४७ टक्के अशा रीतीने चढवलेले होते, असे संशोधकांना आढळले. बनावटीची खूण म्हणजे, विषय यादीत येण्याच्या आधीच्या काही मिनिटांतले संदेश शोधू गेल्यास हाती जवळजवळ काहीच लागत नाही. जे थोडे सापडतात त्यांत बहुतेक ‘हे काय आहे?’ असे विचारणारेच असतात.